चौदा ते वीस तारीख

गुरुग्राममधल्या एका बॅक-ऑफिसात मी बरीच वर्षं खरेदीची बिलं जुळवण्याचं काम केलं आणि पुढे तेच काम नव्या मुलामुलींना शिकवलं. आमच्या खरेदी रजिस्टरमधली बिलं एका बाजूला आणि विक्रेत्यांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेली बिलं दुसऱ्या बाजूला. पोर्टलवरचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-२बी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि दर महिन्याला ३बी भरणाऱ्या कंपन्यांची मुदत २० तारखेला संपते. १ जानेवारी २०२२ पासून जे बिल २बीत दिसत नाही, त्यावरचं क्रेडिट घेता येत नाही. त्यामुळे हजारो ओळींच्या दोन एक्सेल फायली त्या मधल्या दिवसांत जुळवायच्या, गायब बिलांच्या विक्रेत्यांना फोन लावायचे, आणि तरीही रात्री सिकंदरपूरहून यलो लाइनची शेवटची गाडी चुकवायची नाही, असा तो हिशेब.

त्यात आमचा इलाखा विचित्र. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. हरियाणा 06, दिल्ली 07, उत्तर प्रदेश 09, आणि भिवाडीकडून माल आला तर राजस्थानचा 08. पुण्यातल्या अकाउंटंटचे बहुतेक विक्रेते 27 ने सुरू होतात. आमच्याकडे एकाच विक्रेत्याचं गोदाम नोएडात, ऑफिस दिल्लीत आणि शाखा मानेसरला. तिघांचे नंबर वेगळे आणि बिल कुठल्याही नंबरावरून येणार. हे सगळं माउसने करत बसलं तर २० तारीख कधी येते ते कळत नाही. शॉर्टकटचा नाद मला हौसेने लागला नाही, तो या तारखांमुळे लागला.

नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात एक दृश्य ठरलेलं. कुठून तरी एक्सेलच्या शंभर शॉर्टकटची रंगीत यादी छापून आणायची, टाचण्यांनी समोरच्या पार्टिशनवर लावायची. महिन्याने पाहावं तर यादी तशीच, आणि हात माउसवर. यादीत चूक काहीच नसते. फक्त ती उलट्या दिशेने लिहिलेली असते. डावीकडे Ctrl+D, उजवीकडे त्याचा अर्थ. काम करताना माणसाला अर्थ माहीत असतो, हवं ते समोर दिसत असतं, आणि बटणं आठवत नसतात. शंभर ओळींत ती शोधायची म्हणजे नजर खालीवर फिरवावी लागते, तोवर हात आपसूक माउसकडे जातो.

म्हणून मी शिकवायला लागल्यावर पहिले काही दिवस यादी करूच द्यायची नाही. कीबोर्डशेजारी साधी वही ठेवायची आणि हात माउसकडे गेला की कशासाठी गेला ते दोन शब्दांत लिहायचं; तेच पुन्हा झालं तर शेजारी एक उभी रेघ. हे कंटाळवाणं आहे, आणि मुलांना ते फार बालिश वाटतं. पण तीन-चार दिवसांनी वही उघडली की सगळ्यांचे चेहरे सारखे होतात. मोठमोठ्या करामती त्यात नसतातच. शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाणं, फॉर्म्युला खाली ओढत नेणं, फिल्टरचा बाण उघडणं, आणि ‘पेस्ट व्हॅल्यूज’. आमच्या कामात बहुतेक रेघा या चौघांच्याच नावावर असायच्या. म्हणजे पहिली चीटशीट चार ओळींची. तीसुद्धा अशी: डावीकडे प्रसंग, ‘फॉर्म्युला नको, फक्त आकडा हवा’, उजवीकडे बटणं, Ctrl+Alt+V, मग V, मग Enter. मधे कागदाला घडी, म्हणजे उजवी बाजू मागे दुमडून झाकता येते.

आमच्याकडे मेरठहून रोज ये-जा करणारे एक ज्येष्ठ अकाउंटंट होते. त्यांना कुणी विचारलं, ‘जी, पेस्ट स्पेशल कसं करता?’ तर ते क्षणभर गप्प राहायचे, मग टेबलावर बोटं आपटून बघायचे आणि सांगायचे: Alt, E, S, V. गंमत अशी की ती एक्सेल २००३ च्या एडिट मेनूची वाट. २००७ साली मायक्रोसॉफ्टने तो मेनू काढून वर रिबन आणली. पडद्यावर E अक्षराचा काही मागमूस राहिला नाही, पण जुन्या लोकांच्या बोटांसाठी ही वाट त्यांनी आतून चालू ठेवली आणि ती अजून चालते. त्यांना ती तोंडाने सांगता येत नव्हती, हाताने येत होती. शॉर्टकट मुरला की नाही याची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही. विचारल्यावर लगेच सांगता येतो तोवर तो पाठ झालेला असतो, मुरलेला नसतो. आमच्या चीटशीटवरून एखादी ओळ खोडायची वेळ कधी आली हे मी त्यावरूनच ठरवायला लागले.

त्याच गृहस्थांमुळे दुसरी गोष्ट लक्षात आली. टॅलीवर वाढलेल्या माणसाला माउसची सवय नसतेच. F8 म्हणजे विक्री, F9 म्हणजे खरेदी, F5 म्हणजे पेमेंट, Ctrl+A म्हणजे व्हाउचर मंजूर. अशा माणसाला एक्सेलचे शॉर्टकट सोपे जातील असं वाटतं. उलट होतं. टॅलीतून एक्सेलवर उडी मारून आलेला हात F8 दाबतो, आणि एक्सेलमध्ये F8 म्हणजे निवड ताणण्याचा मोड. त्यानंतर बाण दाबला की कर्सर हलत नाही, हिरवी चौकट नुसती वाढत जाते. मुलं घाबरून फाइल बंद करतात. खाली स्टेटस बारवर Extend Selection असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. Esc दाबलं की संपतं. Ctrl+A ने टॅलीत काम जपलं जातं, एक्सेलमध्ये भोवतीचा सगळा डेटा निवडला जातो, आणि त्यावर चुकून Delete पडलं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून टॅलीवाल्यांच्या चीटशीटला मी पाठीमागे एक वेगळा चौकोन करायला लावायची: ‘हीच बटणं, दुसरा अर्थ’. त्यात F2, F5, F8 आणि Ctrl+A. रंगीत छापील यादीत हे कधीच नसतं, कारण ती यादी करणाऱ्याला तुमचं दुसरं सॉफ्टवेअर कुठलं हे ठाऊक नसतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एकदा सविस्तर सांगते, कारण आमचा सराव त्याच्याच तुकड्यांचा होता.

पोर्टलवरून उतरवलेली २बीची फाइल उघडली की B2B नावाच्या शीटवर डोक्याच्या ओळी मर्ज केलेल्या असतात. तिथे एका कॉलमसाठी Ctrl+Space दाबलं तर शेजारचे तीन-चार कॉलमही निवडले जातात. ते दिसलं की समजायचं, मर्ज आहे. Ctrl+A, मग Alt, H, M, U एकामागून एक, आणि मर्ज सुटतं. वरच्या नको त्या ओळी Shift+Space ने निवडून Ctrl आणि वजाच्या बटणाने काढायच्या, मथळ्याची एकच ओळ ठेवायची.

मग जुळवणीची किल्ली. विक्रेत्याचा जीएसटी नंबर पहिल्या कॉलमात असतो. त्याच्या लगेच शेजारी एक रिकामा कॉलम घालायचा: B मध्ये उभं राहून Ctrl+Space, मग Ctrl+Shift आणि बरोबरच्या चिन्हाचं बटण. शेजारीच का, ते पुढे कळेल. आधी पूर्ण नंबर आणि बिल क्रमांक जोडून जुळवणी करायची. त्यातून जे उरतं त्याला दुसरी किल्ली लावायची, आणि एनसीआरमध्ये खरी चैन या दुसऱ्या किल्लीची. जीएसटी नंबरातलं तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचं अक्षर म्हणजे विक्रेत्याचा पॅन. राज्य बदललं तरी पॅन तोच.

```
=MID(A2,3,10)&"|"&D2
```

D मध्ये बिल क्रमांक. रजिस्टरच्या फायलीतही अशीच किल्ली करायची आणि COUNTIF ने एकीतली दुसरीत शोधायची. पहिल्या फेरीत हरवलेलं बिल या फेरीत सापडलं, तर समजायचं की बिल आहे, पण आपण 07 चं म्हणून नोंदवलेलं 09 वरून आलेलं आहे. दिल्ली आणि हरियाणाच्या नंबरांत असा घोळ झाला की बहुधा करही बदलतो, आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी. ते ओढून-ताणून जुळवायचं नसतं, फोन करून विचारायचं असतं.

फॉर्म्युला एका घरात लिहून झाला. आता तो खाली हजार ओळी न्यायचा. माउसवाला माणूस घराच्या कोपऱ्यातला ठिपका पकडून ओढतो, पडदा सुसाट पळतो, तो पुढे निघून जातो, मग परत येतो. बोटांची वाट अशी: डावा बाण, Ctrl+खालचा बाण, उजवा बाण, Ctrl+Shift+वरचा बाण, Ctrl+D. पाच पावलं. डावीकडच्या भरलेल्या कॉलमच्या आधाराने तळाला जायचं, उजवीकडे सरकून वर निवडत यायचं आणि भरायचं. म्हणून किल्ली जीएसटी नंबरच्या शेजारी, कारण २बीत तो कॉलम कधी रिकामा नसतो. रजिस्टरमध्ये मात्र असतो. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराचं बिल मधे आलं की तिथे जागा कोरी, आणि Ctrl+खालचा बाण तिथेच थांबतो. बोटांना वाटतं तळ आला. पुढच्या शेकडो ओळींना किल्लीच लागत नाही आणि त्या सगळ्या ‘गायब बिलं’ म्हणून निघतात. म्हणून Ctrl+D नंतर Ctrl+End दाबून खरा तळ बघायचा आणि त्या ओळीत किल्ली भरली आहे का, यावर नजर टाकायची. हे सहावं पाऊल मी पाचांच्याच ओळीत, त्याच शाईने लिहायला लावायची. वेगळं लिहिलं की ते गळतं.

कधी कधी फॉर्म्युला लिहून Enter दाबलं तरी घरात उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसतो. नव्या कॉलमने डाव्या कॉलमची टेक्स्टची मांडणी उचललेली असते. Ctrl+Shift+~ दाबून ती साधी करायची, मग F2 आणि Enter.

या सगळ्यात आमच्या मुलांना सर्वात जास्त नडलेली जोडी म्हणजे Alt+; आणि Ctrl+;. पहिली फक्त दिसणाऱ्या ओळी निवडते. फिल्टर लावलेला असताना कॉपीला तिची गरज नसते, तिथे एक्सेल दिसणाऱ्या ओळीच उचलतं. पण कुणी ओळी हाताने लपवल्या असतील किंवा गट करून मिटवल्या असतील, तर कॉपीबरोबर लपलेल्याही येतात. तेव्हा ती लागते. दुसरी चालू घरात आजची तारीख टाकते. दोन्ही एकाच आठवड्यात शिकलेल्या एका मुलीच्या करांच्या रकमांमध्ये मधेच तारखा उगवायला लागल्या. तारीख एक्सेलच्या दृष्टीने आकडाच, चाळीस हजारांच्या वरचा. बेरजेत तो निमूट मिसळतो, आणि बेरीज फुगली की लोक विक्रेत्याला दोष देतात. तेव्हापासून नियम केला: दिसायला सारख्या दोन शॉर्टकटना एका आठवड्यात कागदावर जागा नाही. पहिली मुरली, खोडली गेली, की दुसरी येणार.

फिल्टरमध्ये पेस्ट करण्याचा धोका याहून मोठा. कॉपी करताना लपलेल्या ओळी सुटतात, म्हणून माणसाला वाटतं पेस्ट करतानाही सुटतील. सुटत नाहीत. सलग पाच आकडे पेस्ट केले की ते सलग पाच ओळींत जातात, त्यातल्या तीन झाकलेल्या असल्या तरी. वरवर सगळं ठीक दिसतं. फिल्टर काढला की कळतं. एकच गोष्ट सगळ्या दिसणाऱ्या घरांत भरायची असेल तर ती घरं निवडून, लिहून, Ctrl+Enter. तिथे लपलेल्यांना धक्का लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शॉर्टकटने चूकही तेवढ्याच वेगाने होते, आणि माउसने ओढताना जी ओळ डोळ्यासमोरून गेली असती ती आता जात नाही.

आता शॉर्टकट मुरायला किती दिवस लागतात, हा प्रश्न. पुष्कळ दिवस मला कळत नव्हतं की काही गोष्टी पंधरा दिवसांत हातात बसतात आणि काही वर्षभर बसत नाहीत, असं का. मुलं तीच, कागद तोच. उत्तर तारखांत होतं. Ctrl+खालचा बाण दिवसातून कितीतरी वेळा लागतो. मर्ज सोडवणं महिन्यातून एकदा, १४ तारखेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लोकांनी रोज ठरलेल्या वेळी एखादी छोटी गोष्ट करायची, आणि ती आपोआप कधी व्हायला लागते ते पाहायचं. मध्य निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ लागले, कुणाला २५० हून जास्त लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते असं सांगणाऱ्यांना हे आवडणार नाही. पण त्यात गोष्ट दिवसातून एकदाच करायची होती. आमच्या कामात तोच प्रसंग तासाभरात कैकदा येतो. मी त्यातून माझ्यापुरतं एवढंच घेतलं, की दिवस मोजण्यापेक्षा प्रसंग किती वेळा परत येतो ते मोजावं. वहीतल्या उभ्या रेघा त्यासाठीच उपयोगी पडल्या.

मग १४ तारखेची वाट बघणं बंद केलं. गेल्या महिन्यांच्या २बीच्या फायलींच्या प्रती काढल्या, त्यांतली नावं आणि रकमा बदलल्या, आणि सकाळी चहाआधी प्रत्येकाने एक प्रत मथळ्यापासून किल्लीपर्यंत न्यायची असा पाठ ठेवला. वेळ लावायची नाही. सावकाश चाललं तरी चालेल, माउस मात्र डाव्या बाजूला ठेवायचा. काढून टाकला तर मुलं चिडतात, आणि काही कामांना तो खरंच लागतो. डावीकडे ठेवला की हात उजवीकडे जातो, रिकामी जागा चाचपतो आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात बटण आठवतं.

यापेक्षाही कामाला आला तो दुसरा नियम. कागदावर असलेली गोष्ट माउसने झालीच, तर Ctrl+Z दाबून मागे यायचं आणि तीच बटणांनी पुन्हा करायची. खऱ्या कामातसुद्धा. १८-१९ तारखेला मात्र ही सक्ती नाही, तेव्हा ज्याला जसं जमेल तसं. घाईच्या दिवशी शिकवायला गेलं की माणूस जुन्या वाटेवर अधिकच घट्ट बसतो. आमच्याकडे म्हणून नवा कागद नेहमी २१ तारखेला सुरू व्हायचा. पहिला आठवडा चार ओळी, त्यातल्या मुरल्या तेवढ्याच जागी नव्या, आणि पुढची १४ तारीख येईपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त मोकळे. संध्याकाळी परतताना रॅपिड मेट्रोत कागदाची उजवी बाजू दुमडून प्रसंग वाचायचे आणि बोटं बॅगेवर हलवायची. समोरच्याला वाटायचं तबल्याचा रियाज चाललाय.

लॅपटॉपवर एक वेगळीच अडचण यायची. F4 ने मागची कृती पुन्हा होते, आणि फॉर्म्युला लिहिताना त्यानेच डॉलरची चिन्हं लागतात. पण बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं F4 दाबलं की आवाज किंवा उजेड बदलतो. मुलं Fn धरून दाबायला शिकतात, मग ऑफिसच्या मोठ्या कीबोर्डवर Fn शोधतात. एकच हालचाल दोन ठिकाणी दोन तऱ्हेची असली तर ती बसत नाही. अनेक मॉडेलांवर Fn+Esc ने ती ओळ कायमची एफच्या बटणांना देता येते. नसेल तर नेहरू प्लेसहून साधा यूएसबी कीबोर्ड आणून घरीही तोच वापरावा. F4 कागदावर दोन ओळींत लिहायचा, कारण त्याचे प्रसंग दोन आहेत.

महिनाअखेर कागदाचं काय होतं? आठ-दहा ओळी खोडलेल्या असतात. दोन-तीन तशाच उरतात: मर्ज सोडवणं, टेक्स्टची मांडणी साधी करणं, असल्या. त्या मुरवायच्या हट्टाला मी कुणाला पेटू दिलं नाही. महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट कागदावर वाचून करायला काही सेकंद जातात, ते परवडतात. आणि काही ओळी सरळ कापायच्या, कारण वहीत त्यांच्या नावाने रेघच पडलेली नसते. कुणाचं तरी बघून हौसेने लिहिलेल्या असतात.

नव्या एक्सेलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ला Ctrl+Shift+V मिळालं. तरुण मुलांनी लगेच कागदावर तेच लिहायला सुरुवात केली. ज्यांचं सगळं काम ऑफिसच्याच मशिनवर आहे त्यांना ते ठीक. पण आमच्यातली काहीजणं तिमाहीला क्लायंटकडे, ओखल्याला किंवा फरीदाबादला जाऊन बसतात, आणि तिथल्या संगणकांवर एक्सेल २०१३ नाहीतर २०१६ असतं; तिथे ते दाबलं की काहीच होत नाही. त्यांना मी Ctrl+Alt+V वरच ठेवलं. मेरठचे गृहस्थ दोन्हींकडे न बघता अजून Alt, E, S, V दाबतात, आणि क्लायंटकडे सर्वात आधी मोकळे होतात.